पुराचे पाणी, एक सेल्फ आणि दीड लाखाचा फटका



ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीचे पाणी आपल्या बडोद्यात शिरले, त्या दिवसांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. जन्माष्टमीच्या दिवशी पावसाने जोर धरला, आजवा सरोवराचे पाणी नदीत उतरले आणि समा, कारेलीबाग, फतेहगंज, अकोटा अशा कितीतरी भागांत तळमजले पाण्याखाली गेले. गणपती दहा-बारा दिवसांवर आले होते. मूर्ती, मखर, धान्य, कागदपत्रे वर चढवताना खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघायला कोणाला सवड नव्हती. पाणी ओसरल्यावर मात्र आपल्या सभासदांच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागला. पॉलिसीत पूर लिहिलेला आहे, हप्ताही वेळेवर भरला आहे, मग इंजिनाचे पैसे का नाकारले?

त्यानंतरच्या महिन्यांत मंडळाच्या कार्यालयात अशी बरीच कागदपत्रे आमच्यासमोर आली. कोणी दाव्याचे पत्र घेऊन आले, कोणी गॅरेजचे बिल. ती वाचताना एक गोष्ट लक्षात आली. बहुतेकांना आपली फसवणूक झाली असे वाटत होते, आणि विमा कंपन्या मात्र पॉलिसीतल्याच शब्दांवर बोट ठेवत होत्या. दोन्ही बाजूंचे म्हणणे कुठे सुटते आणि कुठे अडते, हे समजून घेतल्याशिवाय या वर्षीचे नूतनीकरण करू नये, म्हणून हा लेख.

एका घरातली हकिगत

एका सभासद कुटुंबाची हकिगत त्यांच्या परवानगीने, नाव न देता सांगतो. आकडे सोपे जावेत म्हणून पूर्णांकात केले आहेत.

काकांची बाराशे सीसीची पेट्रोल गाडी, वय साडेतीन वर्षे. पॉलिसी सर्वसमावेशक म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात ती, आणि गाडीची विमाकृत किंमत म्हणजे आयडीव्ही पाच लाख रुपये. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. पाणी बोनेटच्या वरच्या कडेपर्यंत आले आणि दीड दिवस तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी चिखल काढल्यावर गाडी बाहेरून बरी दिसत होती. मुलाने चावी फिरवली. डॅशबोर्डचे दिवे लागले, स्टार्टरने एकदा घुर्र केले आणि आवाज थांबला. त्याने पुन्हा सेल्फ मारला. तिसऱ्या वेळी इंजिन क्षणभर पेटले, आतून ठक्क असा आवाज आला आणि सगळे शांत झाले.

गॅरेजचे अंदाजपत्रक दोन लाख दहा हजारांचे निघाले. त्यात शहाऐंशी हजार गाडी सोडवणे, वाळवणे, गालिचा आणि सीट, वायरिंग, सेन्सर, स्टार्टर आणि ऑल्टरनेटर यांचे होते. उरलेले एक लाख चोवीस हजार इंजिन उघडून पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि गॅस्केट बदलण्याचे होते.

सर्व्हेयर आले. त्यांनी गाडीवरची चिखलाची रेघ मोजली, फोटो काढले आणि एकच प्रश्न विचारला, "साहेब, पाणी ओसरल्यावर गाडी चालू करून बघितली होती का?" काका सरळ माणूस. म्हणाले, "हो, मुलाने दोन-तीनदा सेल्फ मारला." पंधरा-वीस दिवसांनी पत्र आले. पहिला भाग मान्य, इंजिनाचा भाग अमान्य.

काका आम्हाला म्हणाले, "खोटे बोललो असतो तर पैसे मिळाले असते का?" याचे उत्तर नाही असे आहे. सर्व्हेयरने तो प्रश्न विचारला नसता तरी चालले असते, कारण उत्तर इंजिनातच लिहिलेले होते.

वाकलेला रॉड काय सांगतो

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होतो. खाली येताना हवा आणि पेट्रोल आत घेतो, वर जाताना ते दाबतो, मग ठिणगी पडते. हवा दबते म्हणून हे चालते. पाणी मात्र दबत नाही. पिस्टन वर येत असताना त्याच्या डोक्यावर पाणी असेल आणि ते पाणी वरच्या उरलेल्या जागेत मावत नसेल, तर पिस्टन तिथेच अडतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. मेकॅनिक साध्या भाषेत 'इंजिन पाण्याने लॉक झाले' म्हणतो.

यासाठी किती पाणी लागते? काकांच्या गाडीत बाराशे सीसी चार सिलिंडरमध्ये वाटलेले, म्हणजे प्रत्येकी तीनशे. दाबाचे प्रमाण दहास एक धरले, तर पिस्टन पूर्ण वर गेल्यावर साधारण तेहेतीस मिलीलिटर जागा उरते. म्हणजे मोठे दोन-सव्वादोन चमचे. त्याहून जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये गेले की काम संपले. डिझेल इंजिनात दाबाचे प्रमाण बरेच जास्त असते, म्हणून तिथे जागा आणखी कमी आणि धोका आणखी मोठा.

आता पिस्टन अडला, पण खालचा क्रँकशाफ्ट फिरायचा थांबत नाही. चालत्या गाडीत तर तो मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या जोराने फिरत असतो. मधला कनेक्टिंग रॉड हा या दोघांच्या कचाट्यात सापडतो आणि वाकतो. कधी तुटतो आणि इंजिनाच्या पोटाला भोक पाडून बाहेर येतो. उभ्या गाडीत पाणी हळूहळू झिरपून आत बसलेले असते. तिथे सेल्फ मारला तर पुष्कळदा स्टार्टर नुसताच अडतो आणि नुकसान वाचते. पण सगळ्या सिलिंडरमध्ये पाणी सारखे नसते. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर ज्यात पाणी कमी आहे तो सिलिंडर पेट घेतो, आणि त्याचा सगळा जोर पाणी भरलेल्या शेजारच्या सिलिंडरच्या रॉडवर येतो. काकांच्या मुलाने ऐकलेला ठक्क आवाज तोच.

यातच सर्व्हेयरचा पुरावा आहे. पाण्यात नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचा रॉड कधीही आपोआप वाकत नाही. पाणी इंजिनाला गंज लावील, ऑइलमध्ये मिसळून त्याचा दुधाळ चहा करील, बेअरिंग खराब करील, पण लोखंडी रॉड वाकवायला पाण्यात ताकद नसते. ती ताकद इंजिन फिरवण्यातून येते. म्हणून वाकलेला रॉड हातात आला की पाणी आत असताना कोणीतरी गाडी चालवली किंवा चालू करण्याचा प्रयत्न केला, हे सिद्ध झाले. मग त्या सिलिंडरचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा थोडा खालीच थांबतो, आणि सिलिंडरच्या भिंतीवर काळ्या कार्बनची रेघ दोन वेगळ्या उंचींवर दिसते. अनुभवी सर्व्हेयरला हे वाचायला पाच मिनिटे पुरतात.

पॉलिसी काय म्हणते

आपल्या देशातल्या गाडीच्या विम्याची मूळ शब्दरचना जुनी आहे. २००२ च्या भारतीय मोटर टॅरिफमधून ती आली, आणि दर खुले झाल्यावरही बहुतेक कंपन्यांच्या मूळ पॉलिसीत तीच चालू राहिली. त्यात गाडीला होणाऱ्या नुकसानीच्या कारणांची यादी आहे. आग, चोरी, दंगल, भूकंप, अपघात आणि त्यांच्याबरोबर पूर, वादळ, जलमय होणे हेही आहे. त्यामुळे 'पूर पॉलिसीत आहे' हे काकांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. आपल्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मात्र हा विषयच संपतो. त्यात स्वतःच्या गाडीचे काहीच मिळत नाही.

यादीच्या खाली अपवाद आहेत. त्यातला एक अपवाद अनुषंगिक नुकसान, घसारा, झीज, आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड व मोडतोड यांना वगळतो. आणखी खाली अटी आहेत. त्यातली एक अट सांगते की मालकाने गाडीचे नुकसानीपासून रक्षण करण्यासाठी वाजवी ती सर्व काळजी घ्यावी, आणि अपघात किंवा बिघाडानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली तर त्यामुळे वाढलेले नुकसान पूर्णपणे मालकाच्या जोखमीवर राहील.

आता कंपनीचा युक्तिवाद जोडून बघा. पुराने गाडीत पाणी आले, ते आम्हाला मान्य. त्या पाण्याने गालिचा, वायरिंग, सेन्सर खराब झाले, त्याचे पैसे देतो. इंजिनात पाणी शिरले, ते काढून ऑइल बदलून इंजिन धुण्याचा खर्चही सहसा देतो. पण रॉड पुराने वाकला नाही. पाणी आत असताना चावी फिरवल्याने वाकला. म्हणजे ते पुराचे थेट नुकसान नसून नंतरच्या कृतीचे, म्हणजे अनुषंगिक नुकसान आहे. शिवाय चावी फिरवून तुम्ही काळजीची अटही मोडली.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती दुबळी नाही. अनुषंगिक नुकसान हा शब्द विम्यात मुळात गाडी बंद राहिल्याने बुडालेल्या कमाईसारख्या गोष्टींसाठी वापरला जातो, असे ग्राहकांच्या बाजूने मांडले जाते. दुसरे म्हणजे, चालत्या गाडीला रस्त्यात अचानक पाणी लागले आणि इंजिन बंद पडले, तर तिथे मालकाने नंतर काही केलेच नाही. घटना आणि नुकसान एकाच क्षणी झाले. हे अपघाती बाह्य कारण का मानू नये? ग्राहक आयोगांसमोर असे वाद गेले आहेत आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागले आहेत. पाण्यात शिरणे अपरिहार्य होते की हौसेचे, बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारला की नाही, गाडी किती वेळात टो केली, अशा तपशिलांवर बरेच काही ठरते. मात्र अशा वादाचा निकाल लागेपर्यंत गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात उभी असते, हेही खरे.

रस्त्यावरची गाडी

उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीचा प्रसंग बडोद्यात जास्त वेळा येतो. अलकापुरीचे गरनाळे भरते तेव्हा पलीकडे स्टेशनचा रस्ता दिसत असतो, पुढची रिक्षा गेलेली दिसते, आणि मोह होतो.

गाडी हवा घेते ती जागा बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या जाळीच्या वरच्या बाजूला किंवा हेडलाइटच्या मागे असते. उभ्या पाण्यात ती सुरक्षित वाटते. पण गाडी पाण्यातून पुढे जाते तेव्हा तिच्यापुढे पाण्याची एक लाट उभी राहते, आणि वेग वाढवला की ती बोनेटपर्यंत येते. समोरून बस किंवा ट्रक आला तर त्याची लाट वेगळी. म्हणून 'पाणी फक्त चाकाच्या निम्म्यापर्यंत होते' असे सांगणाऱ्याच्या गाडीतही एअर फिल्टर ओला निघतो. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी ही परत फिरायची खूण समजावी.

पाण्यात शिरल्यावर गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. एवढी एकच गोष्ट घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला, विशेषतः नव्याने गाडी शिकलेल्या मुलांना, पाठ असायला हवी. नव्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय असते. पाणी साचलेल्या रस्त्यावर ती बटण दाबून बंद करावी, नाहीतर गाडी पाण्यात थांबल्यावर इंजिन बंद होईल आणि ब्रेकवरचा पाय उचलताच आपोआप पुन्हा चालू होईल.

आणखी एक फसवा प्रकार आमच्या पाहण्यात आला. गाडी पाण्यात बंद पडली, मालकाने अर्ध्या तासाने सेल्फ मारला, थोड्या धक्क्याने ती चालूही झाली. पुढे काही आठवडे ती थोडी थरथरत, बारीक ठकठक करत चालली. रॉड किंचित वाकला होता. मग एके दिवशी हायवेवर रॉड तुटला आणि इंजिनाला भोक पडले. तेव्हा दावा केला, तर पूर केव्हा आणि बिघाड केव्हा, असा प्रश्न आला. पाण्यातून निघालेल्या गाडीचा आवाज किंचितही बदललेला वाटला, तर गॅरेजमध्ये प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा आणि त्याचा कागद तारखेसह ठेवावा.

ॲड-ऑन कुठे बसतो

दर खुले झाल्यानंतरच्या वर्षांत कंपन्यांनी मूळ पॉलिसीला जोडून घ्यायची जादा कवचे बाजारात आणली. त्यातले एक इंजिन प्रोटेक्ट, काही ठिकाणी इंजिन व गिअरबॉक्स संरक्षण. मूळ पॉलिसीने जे दार बंद केले, नेमके तेच हे उघडते. पाणी शिरल्यामुळे किंवा ऑइल गळून गेल्यामुळे इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या आतल्या भागांचे झालेले नुकसान यात येते.

इथे एक गैरसमज फार मोठा आहे. झिरो डेप घेतला म्हणजे इंजिनही आले, असे अनेकांना वाटते. काकांच्या आकड्यांवरून हे स्पष्ट होईल.

शहाऐंशी हजारांच्या मान्य भागात सव्वीस हजार मजुरी व साफसफाई होती, ती पूर्ण मिळाली. छत्तीस हजारांचे धातूचे व विद्युत भाग होते. साडेतीन वर्षांच्या गाडीला अशा भागांवर पंचवीस टक्के घसारा लागतो, म्हणून सत्तावीस हजार मिळाले. सोळा हजारांचे रबर-प्लॅस्टिकचे भाग होते. त्यावर गाडी कितीही नवी असो, पन्नास टक्के घसारा, म्हणून आठ हजार. आठ हजारांचे ऑइल, कूलंट, नटबोल्ट वगैरे होते, त्याचे काही नाही. एकूण एकसष्ट हजार, त्यातून सक्तीची वजावट एक हजार गेली, हाती साठ हजार आले. दोन लाख दहा हजारांतले दीड लाख काकांच्या खिशातून गेले.

त्यांनी फक्त झिरो डेप घेतला असता, तर घसाऱ्याचे नऊ आणि आठ असे सतरा हजार वाचले असते. ऑइल-कूलंटचे आठ हजार त्यासाठीच्या वेगळ्या कवचातून आले असते. इंजिनाचे एक लाख चोवीस हजार तसेच राहिले असते, कारण झिरो डेप मान्य झालेल्या भागाचा घसारा माफ करतो, अमान्य भाग मान्य करीत नाही.

आता झिरो डेप नाही, पण इंजिन प्रोटेक्ट आहे असे समजा. इंजिनाच्या एक लाख चोवीस हजारांत चोवीस हजार मजुरी आणि एक लाखाचे भाग होते. भागांवर पंचवीस टक्के घसारा धरला तरी नव्व्याण्णव हजार मिळण्याची शक्यता होती. दोन्ही कवचे असती तर जवळजवळ सगळेच. म्हणजे इंजिन प्रोटेक्ट आणि झिरो डेप ही एकमेकांची जागा घेणारी कवचे नाहीत, जोडीने चालणारी आहेत.

मात्र ॲड-ऑन घेतला म्हणजे निर्धास्त, असेही नाही. त्याच्या अटींची पाने पॉलिसीच्या शेवटी बारीक अक्षरांत असतात आणि कंपनीगणिक वेगळी असतात. त्यात तीन गोष्टी शोधून वाचाव्यात. पहिली, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू केल्याने वाढलेले नुकसान वगळले आहे का. बऱ्याच ठिकाणी काळजीची अट ॲड-ऑनलाही लागू राहते, म्हणून सेल्फ न मारण्याचा नियम ॲड-ऑन असतानाही सुटत नाही. दुसरी, गाडी पाण्यातून काढायला किंवा कळवायला उशीर झाला तर काय. तिसरी, एका वर्षात किती दावे मिळतील आणि गाडीचे वय किती असेपर्यंत हे कवच मिळते. जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या ते देत नाहीत. शिवाय हे कवच सहसा पॉलिसी सुरू होताना किंवा नूतनीकरणाच्या वेळीच घेता येते. हवामान खात्याचा लाल इशारा आल्यावर कंपनीला फोन करून उपयोग नाही.

मग प्रत्येकाने घ्यावे का? आमचे मत असे. नदीच्या किंवा कांसाच्या जवळ, तळघरात किंवा सखल सोसायटीत गाडी लागत असेल, किंवा रोजच्या वाटेत गरनाळे असेल, तर इंजिन प्रोटेक्ट घ्यावेच. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात सुमारे पाचशे मिलीमीटर पाऊस पडला, आणि पाच वर्षांत पुन्हा तेच पाहिले. याला अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. गाडी उंचावरच्या भागात लागते, आयडीव्ही दीड-दोन लाखांवर आली आहे, तर हप्त्याचा हिशेब वेगळा होऊ शकतो. कारण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंच्याहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते आणि प्रश्नच बदलतो. मात्र इंजिनाचा भाग अमान्य झाला तर तो या पंच्याहत्तर टक्क्यांत मोजला जाईलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

पाणी ओसरल्यावर

गाडी पाण्यात बुडालेली आढळली, तर पहिल्यांदा चिखलाच्या रेघेचे फोटो काढावेत. चारही बाजूंनी, नंबरप्लेट दिसेल असे, आणि गाडी जागची न हलवता. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी. चावी फिरवायची नाही, रिमोटने सुद्धा चालू करायची नाही. कंपनीच्या दावा क्रमांकावर कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यायला सांगावे. दोरीने ओढत, चाके फिरवत नेऊ नये, विशेषतः ऑटोमॅटिक गाडी.

गॅरेजमध्ये योग्य क्रम असा असतो. आधी एअर फिल्टरचा डबा उघडायचा आणि ऑइलची पट्टी काढून बघायची. फिल्टर ओला किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर पाणी आत आहे. मग स्पार्क प्लग, डिझेल असेल तर इंजेक्टर, काढून इंजिन हळूहळू हाताने फिरवायचे, म्हणजे पाणी वरच्या भोकांतून बाहेर येते आणि रॉडवर जोर पडत नाही. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलून, थोडे चालवून, पुन्हा बदलायचे. हे काम एक-दोन दिवसांत झाले तर इंजिन पुष्कळदा वाचते. आठवडाभर पाणी आत राहिले तर सिलिंडरच्या भिंतींना गंज धरतो. पुरानंतर गॅरेजसमोर रांग असते, म्हणून निदान प्लग काढून पाणी बाहेर काढण्याचे काम तरी आधी करून द्या, असा आग्रह धरावा. फक्त सर्व्हेयरच्या पाहणीआधी इंजिन पूर्ण उघडू देऊ नये.

दावा नाकारला गेला, तर कारण लेखी मागावे, आणि ते पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली हेही विचारावे. प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर नाही आले किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या गुजरातसाठी त्यांचे कार्यालय अहमदाबादला आहे. पन्नास लाखांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय ते देऊ शकतात, फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. चालत्या गाडीत पाणी शिरले आणि पुन्हा सेल्फ मारलेला नाही, अशी प्रकरणे तिथे मांडण्यासारखी असतात. काकांच्या प्रकरणात मात्र आम्ही त्यांना खरे तेच सांगितले, की मूळ पॉलिसीच्या शब्दांवर त्यांची बाजू कमकुवत आहे.

काकांनी या वर्षी नूतनीकरण करताना दोन्ही कवचे घेतली. पार्किंगमधल्या खांबावर त्यांनी एक कागदही चिकटवला आहे, मराठीत आणि गुजरातीत, जाड अक्षरांत: पाणी येऊन गेले असेल तर चावी फिरवू नका. सोसायटीतले लोक त्यावर हसत नाहीत, आणि मुलगा तर मुळीच नाही.

ज्या सभासदांचे नूतनीकरण जून-जुलैमध्ये येते, त्यांनी पॉलिसीची प्रत घेऊन रविवारी सकाळी कार्यालयात यावे. ॲड-ऑनचे पान शोधून एकत्र वाचू.